ताळा दोघांचाही जुळतो, मग समतोल किंमत कोणाची खरी?

प्रश्न : मी डिचोलीत घरीच बारावी वाणिज्य शाखेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. नारळाच्या बाजारावर एक उदाहरण सोडवायला दिले होते. मागणी Qd = २६० − ४P, पुरवठा Qs = −४० + ६P; किंमत दर नारळामागे रुपयांत आणि नग आठवड्याला शेकड्यांत. एका मुलीने समतोल किंमत ३० आणि नग १४० काढले, एका मुलाने २२ आणि १७२. ताळा करून पाहिला आणि जुळला, असे दोघेही सांगतात. माझ्याकडच्या झेरॉक्स नोट्समध्ये उत्तर २२ आणि १७२ असेच दिले आहे, म्हणून मी मुलीचे उत्तर चूक धरले. पण तिला ते पटत नाही. पुरवठा उणे कसा असेल, असे मुलगा विचारतो, त्याचेही उत्तर मला देता आले नाही. पुढच्या भागात चतुर्थीमुळे मागणी ५० शेकड्यांनी वाढते. तिथे दोघांचीही वाढ सारखीच आली. आता बरोबर कोणाला द्यावे?

उत्तर : ताई, मुलीच्या उत्तरावरची फुली आधी खोडा. प्रश्नात जी समीकरणे छापली आहेत त्यांचे उत्तर ३० रुपये आणि १४० शेकडे हेच आहे आणि दुसरे कोणतेही असू शकत नाही, कारण मागणीची रेषा उतरती आणि पुरवठ्याची चढती असली की त्या दोन रेषा एकमेकींना एकाच ठिकाणी छेदतात. तरीसुद्धा तो मुलगा खोटे बोलतो आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा ताळा जुळला असणारच. प्रश्न आहे तो त्याने ताळा कशाशी करून पाहिला, हा.

२२ हे उत्तर दोन वाटांनी येते आणि त्या दोन्ही वाटा वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली वाट पक्षांतराची. २६० − ४P = −४० + ६P असे मांडल्यावर उणे ४० डावीकडे नेताना अधिक व्हायला हवे आणि बेरीज ३०० यायला हवी. चिन्ह न बदलता ते तसेच नेले, तर डावीकडे २२० उरतात, त्यांना १० ने भागले की २२ मिळतात. मग मुले ही किंमत मागणीच्या समीकरणात घालून नग काढतात : २६० − ८८, म्हणजे १७२. त्यानंतर ताळा म्हणून पुन्हा त्याच मागणीच्या समीकरणात २२ घालतात आणि पुन्हा १७२ आले की समाधान मानतात. पण ही तर तीच वजाबाकी दोनदा केली. किंमत ११ धरली असती तरी मागणी २१६ आली असती, आणि पुन्हा करून पाहिल्यावर पुन्हा २१६च आली असती. त्यावरून ११ ही समतोल किंमत ठरत नाही. ज्या समीकरणातून नग काढले, ते समीकरण किमतीच्या खरेपणाची साक्ष देऊ शकत नाही. साक्ष दुसऱ्याने द्यावी लागते. २२ ही किंमत पुरवठ्यात घालून पाहिली की −४० + १३२, म्हणजे फक्त ९२ शेकडे येतात. गिऱ्हाइके १७२ शेकडे मागत आहेत आणि बाजारात ९२ शेकडेच येत आहेत, म्हणजे ही समतोल किंमत नव्हे, हे इथे उघड होते.

दुसरी वाट जास्त फसवी आहे, आणि तुमच्या पत्रावरून मला तिचाच संशय येतो. पुरवठा उणे कसा असेल अशी शंका ज्याच्या मनात आहे, तो मुलगा वहीत समीकरण उतरवून घेतानाच ते ४० + ६P असे लिहून मोकळा झाला असेल. तसे असेल तर त्याचे पुढचे सगळे गणित निर्दोष आहे. त्याच्या वहीतल्या दोन्ही समीकरणांत २२ घाला : मागणी १७२, पुरवठा ४० + १३२, तेही १७२. ताळा दोन्हीकडे जुळतो, आणि तरीही उत्तर चूक आहे, कारण त्याने भलतेच उदाहरण सोडवले आहे. म्हणून ताळा करताना समीकरण वहीच्या पहिल्या ओळीतून कधीही घेऊ नये. वही झाकून ठेवून प्रश्नपत्रिकेतल्या छापील ओळीवर बोट ठेवावे आणि तिथली चिन्हे, तिथले आकडे घेऊनच किंमत घालावी. यापैकी कोणती वाट त्याने घेतली हे त्याच्या वहीतली पुरवठ्याची पहिली ओळ पाहिली की तुम्हाला क्षणात कळेल. तिथे उणे असेल तर त्याला पक्षांतर शिकवावे लागेल. नसेल तर उतरवून घेताना आणि ताळा करताना डोळे कुठे ठेवायचे ते शिकवावे लागेल.

तुमच्या नोट्समध्येही तेच उत्तर असल्यामुळे तुम्ही ते खरे धरलेत. शिकवणाऱ्या प्रत्येकाकडून हे होते. मागे दिलेले उत्तर म्हणजे शेवटचा शब्द, असे आपण नकळत मानून चालतो. पण ते उत्तरही कुणीतरी एका दुपारी बसून काढलेलेच असते. ओळीच्या अगदी सुरुवातीला, समासाच्या रेघेला चिकटून असलेले उणे चिन्ह झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये सर्वांत आधी पुसट होते, आणि रेघांच्या कागदावर हाताने लिहिले असेल तर ते रेघेतच मिसळून जाते. उत्तर काढणाऱ्यापुढे उणे नसलेली प्रत आली असेल, किंवा मूळ उदाहरणच ४० + ६P असे असून पुढे कुणी ते बदलले असेल. यातले काय घडले याचा शोध घेत बसण्याची गरज नाही. मुलांच्या हातात जो प्रश्न आहे त्यात उणे ४० आहे, आणि त्या प्रश्नाशी २२ जुळत नाही, एवढे पुरे आहे. छापील उत्तराचीही तपासणी तशीच करायची, जशी मुलांच्या उत्तराची करतो.

आता उणे ४०. हा प्रश्न विचारल्याबद्दल त्या मुलाला रागावू नका, कारण त्याची शंका रास्त आहे. चुकले ते इतकेच की शंका आली म्हणून त्याने चिन्ह पुसले. समीकरणातला हा आकडा किंमत शून्य असतानाचा आहे, आणि शून्य किमतीला कोणी नारळ विकायला आणत नाही, हे तो त्याच्या पद्धतीने सांगतो आहे. −४० + ६P ही राशी शून्याच्या वर केव्हा जाते ते पाहा : ६P चाळीसपेक्षा मोठे झाले की, म्हणजे किंमत ६ रुपये ६७ पैशांच्या आसपास पोचली की. मुलांना हे कुळागरातच दाखवावे. पाडेली माडावर चढणार, नारळ पाडणार, ते गोळा करायचे, सोलायचे, बाजारापर्यंत न्यायचे. नारळाला मिळणारी किंमत या खर्चालाही पुरत नसेल, तर मालक पाडेलीला बोलावतच नाही आणि नारळ माडावरच राहतात. त्या किमतीच्या खाली पुरवठा शून्य असतो; उणे नारळ कुठेच नसतात. समीकरण त्या भागात लागू नाही, एवढाच त्या उणे चिन्हाचा अर्थ आहे. याउलट ४० + ६P याचा अर्थ असा झाला असता, की किंमत शून्य असली तरी दर आठवड्याला ४० शेकडे नारळ बाजारात येतील. बीजगणिताच्या दृष्टीने तेही चालते, परंतु नारळाच्या बाजाराला ते शोभत नाही.

याच विचारातून एक झटपट चाळणी मिळते. पुरवठा सुमारे ६.६७ रुपयांना सुरू होतो आणि मागणी ६५ रुपयांना संपते, कारण ४ गुणिले ६५ म्हणजे २६०. खरे उत्तर या दोन किमतींच्या मध्येच असायला हवे. कोणी चलाचे सहगुणक मिळवण्याऐवजी वजा करून ३०० ला २ ने भागले आणि १५० रुपये उत्तर आणले, तर ते या चाळणीत लगेच अडकते. त्या किमतीला मागणी उणे ३४० येते. मात्र या चाळणीवर विसंबून राहू नका. मुलाचे २२ हे उत्तर तिच्यातून सहज निसटते, कारण तेही ६.६७ आणि ६५ यांच्या मधलेच आहे.

म्हणून खरा भरवसा दोन्ही समीकरणांमधल्या तफावतीवर ठेवावा, आणि ही तफावत फक्त ‘जुळले’ किंवा ‘जुळले नाही’ एवढेच सांगून थांबत नाही. २२ रुपयांना मागणी १७२ आणि पुरवठा ९२, म्हणजे ८० शेकड्यांची अतिरिक्त मागणी. किंमत एक रुपयाने वाढली की मागणी ४ शेकड्यांनी घटते आणि पुरवठा ६ शेकड्यांनी वाढतो, म्हणजे तफावत दर रुपयामागे १० शेकड्यांनी कमी होते. ८० ची तफावत भरून काढायला किंमत ८ रुपयांनी वाढावी लागेल. २२ आणि ८ मिळून ३०. चुकलेल्या उत्तरावरूनच, गणित पुन्हा मुळापासून न सोडवता, बरोबर उत्तर हाती आले. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त निघाली तर किंमत वर न्यायची, पुरवठा जास्त निघाला तर खाली आणायची, आणि किती हे ठरवायला तफावतीला दोन्ही सहगुणकांच्या बेरजेने भागायचे. बाजारात किंमत जशी सरकते त्याच दिशेने हा ताळा सरकतो, त्यामुळे मुलांना तो पाठ करावा लागत नाही.

या ८० मध्ये आणखी एक खूण दडलेली आहे, आणि वह्या तपासताना मला तिचा फार उपयोग झाला आहे. ८० ही ४० ची बरोबर दुप्पट आहे. हा योगायोग नव्हे. समीकरणातला सुटा आकडा चुकीच्या चिन्हाने धरला गेला, की जे मिळवायचे ते वजा होते, आणि छापील समीकरणात ताळा घेताना तफावत त्या आकड्याच्या दुपटीएवढी निघते. म्हणून तफावत दिसली की आधी तिचे निम्मे करावे आणि तो आकडा प्रश्नात कुठे सुटा उभा आहे का, ते पाहावे. असला तर चूक चिन्हाची आहे हे जवळजवळ नक्की, मग ती पक्षांतरात झालेली असो की उतरवून घेताना. निम्मा आकडा प्रश्नात कुठेच नसेल, तर चूक बेरीज-भागाकारात किंवा P च्या सहगुणकात शोधावी लागेल; तिथे ही खूण उपयोगी पडत नाही.

चतुर्थीच्या भागाबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण तिथे दोघांचीही वाढ सारखी आल्यामुळे मुलाला आपले पहिले उत्तर बरोबर असल्याचा आणखी एक पुरावा मिळाल्यासारखे वाटले असणार. मागणी Qd = ३१० − ४P झाली की मुलीची किंमत ३५ आणि नग १७० येतात, मुलाची किंमत २७ आणि नग २०२. दोघांच्याही किमतीत ५ ची आणि नगांत ३० ची वाढ. असे होणारच होते, कारण वाढ काढताना पुरवठ्यातले ४०, अधिक असोत की उणे, हिशेबात येतच नाहीत. वाढ फक्त ५० या आकड्यावर आणि ४ व ६ या सहगुणकांवर ठरते. तेव्हा वाढ बरोबर आली म्हणजे सहगुणक नीट हाताळले गेले, इतकेच सिद्ध होते. सुट्या आकड्याच्या चिन्हाबद्दल ती काहीही सांगत नाही. मुलाचे २७ छापील समीकरणांत घालून पाहा : मागणी ३१० − १०८ म्हणजे २०२, पुरवठा −४० + १६२ म्हणजे १२२, आणि तफावत पुन्हा तीच, ८०. पहिल्या भागातली चूक दुसऱ्या भागात जशीच्या तशी उतरली आहे.

याच भागात बरीच मुले आणखी एका ठिकाणी अडतात. मागणी ५० शेकड्यांनी वाढली, तर नगही ५० ने वाढून १९० व्हायला हवेत, असे त्यांना वाटते. किंमत ३० रुपयांवरच थांबली असती तर गिऱ्हाइकांनी १९० शेकडे मागितले असते हे खरे. पण त्या किमतीला बाजारात १४० शेकडेच येतात. ५० शेकड्यांच्या या तफावतीला १० ने भागले की किंमत ५ रुपयांनी वाढणार हे कळते. किंमत ५ रुपयांनी वाढली की गिऱ्हाइके ४ गुणिले ५, म्हणजे २० शेकडे कमी घेतात आणि विक्रेते ६ गुणिले ५, म्हणजे ३० शेकडे जास्त आणतात. पन्नासातून वीस गेले की तीस उरतात, आणि विक्रेत्यांचेही तीसच. दोन्ही बाजूंनी तीस आले, म्हणजे वाढीचा ताळा जुळला. प्रत्यक्षात चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी स्वतःच्या पूजेसाठी आणि नेवऱ्यांसाठीही नारळ राखून ठेवले जातात, त्यामुळे पुरवठ्याची रेषाही जागची हलते. पण उदाहरणात पुरवठा तोच ठेवला आहे, तेव्हा मुलांनी तो तसाच धरावा.

प्रश्न कधी उलट रूपात येतो, तेव्हा हाच ताळा उलट बाजूने करावा लागतो. P = ६५ − ०.२५Q असे दिले असेल, तर ती आपलीच मागणी आहे, फक्त किंमत एका बाजूला सुटी केलेली. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथापासून अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर मांडण्याची रीत रुळली असल्यामुळे आकृती काढायला हे रूप सोयीचे पडते. घोटाळा होतो तो एक समीकरण उलट रूपात आणि दुसरे सरळ रूपात असताना, कारण मुले डावीकडे काय आहे ते न पाहताच दोन्ही उजव्या बाजू समान लिहितात. अशा वेळी नग घालून किंमत काढायची. १४० शेकड्यांना मागणीची किंमत ६५ − ३५, म्हणजे ३०. पुरवठ्याची किंमत १४० मध्ये ४० मिळवून ६ ने भागली की १८० भागिले ६, तीही ३०. मुलाच्या १७२ शेकड्यांना गिऱ्हाईक २२ रुपये द्यायला तयार आहे, तर विक्रेत्याला २१२ भागिले ६, म्हणजे ३५ रुपयांहून थोडे अधिक हवे आहेत. हा सौदा होणार नाही, हे मुलांना समीकरणापेक्षाही या वाक्यातून लवकर कळते.

एकक मात्र कोणताही ताळा पकडत नाही. मुलीने १४० असे नुसते लिहिले असेल, तर तिच्याकडून ‘१४० शेकडे, म्हणजे आठवड्याला १४,००० नारळ’ असे पूर्ण लिहून घ्या. १४० नारळ असे लिहिले तरी दोन्ही समीकरणे जुळतच राहतील, कारण समीकरणाला शेकडा आणि नग यांतला फरक कळत नाही.

गुण देताना मुलाच्या वहीत पुरवठ्याची पहिली ओळ ४० + ६P अशी असेल, तर उतरवण्यातल्या चुकीचेच गुण कापा आणि पुढच्या रीतीचे गुण द्या, कारण ती रीत खरोखर बरोबर आहे. पक्षांतरात चूक असेल तर त्या पायरीचे गुण जातील. दोन्ही परिस्थितींत उत्तराच्या खाली नुसती फुली मारू नका. ‘२२ ला मागणी १७२, पुरवठा ९२’ एवढे लिहा, आणि तफावतीवरून ३० पर्यंत त्यालाच येऊ द्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवून हे केलेत तर मुलीलाही आपले उत्तर का टिकले ते कळेल, कारण तिनेही बहुधा एकाच समीकरणात ताळा पाहिला असेल. पुढच्या तुकडीसाठी झेरॉक्स काढण्याआधी नोट्समधले उत्तर बदला, आणि पुरवठ्याची ती ओळ Qs = ६P − ४० अशी फिरवून लिहा, म्हणजे उणे चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये येईल आणि कितीही प्रती काढल्या तरी समासात हरवणार नाही.